शेवटचा नऊ

मागच्या महिन्यात सलग तीन रात्री साडेअकराच्या सुमारास एक फोन आला. पहिल्या रात्री मी झोपेतच उचलला. पलीकडून घाईघाईचा, वाऱ्यात उभं राहून बोलल्यासारखा आवाज आला, "अण्णा, फेज आलेत. मोटर टाका अन् वॉल वरच्या वावराकडं फिरवा." मी "राँग नंबर" म्हटलं आणि ठेवून दिला. दुसऱ्या रात्री तेच. वाक्यसुद्धा तेच, फक्त "अण्णा" जरा मोठ्यानं. मी या वेळी "अहो, राँग नंबर आहे, कितीदा सांगायचं?" असं म्हणाले. खरं तर एकदाच सांगितलं होतं. तिसऱ्या रात्री तो "अण्..." एवढंच म्हणाला असेल, मी फोन कापला, नंबर ब्लॉक केला आणि कूस बदलली.

झोप मात्र आली नाही. वरचं वावर डोळ्यांसमोर यायला लागलं. थ्री फेज रात्रीचे आलेत, म्हणजे ते पहाटेपर्यंतच असणार. हा माणूस गावातून कळवतोय, अण्णा मळ्यातल्या खोपीत फोन उशाशी घेऊन वाट बघतायत, आणि तीन रात्रींचं पाणी माझ्या उशीखाली येऊन जिरतंय. कांदा असेल की गहू, देव जाणे. बरं, मोबाइलवर हल्ली नंबर फिरवतो कोण? एकदा साठवून ठेवला की नावावर बोट ठेवायचं. म्हणजे ही बोट घसरल्याची चूक नव्हती, कुठेतरी लिहून ठेवलेली चूक होती. ती त्याला दिसणार नव्हती, आणि दुसऱ्या कुणी दाखवेपर्यंत तो रोज मलाच फोन करत राहणार होता.

राँग नंबर का लागतो, हे मला एके काळी फार चांगलं ठाऊक होतं.

१९८८ साल. मी बारावीत होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात फोन नुकता आला होता. बाबांनी तो कधी नोंदवला होता ते मला आठवत नाही, पण तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते आणि फोन आला तेव्हा ओढणी घ्यायला लागले होते, यावरून अंदाज करा. काळा, जड, रिसीव्हर कानाला लावला की थंडगार लागणारा. दिवाणखान्यात कोनाड्यात त्याची स्थापना झाली, आईनं त्याला क्रोशाचा रुमाल विणला आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी डायलच्या भोकात एक चिमुकलं कुलूप अडकवलं. किल्ली त्यांच्या जानव्याला. येणारे फोन घ्यायचे, जाणारे करायचे नाहीत, असा कायदा.

कायदा आठवडाभरात मोडला, आणि कसा मोडायचा हे मला चुलतभावानं शिकवलं. रिसीव्हर उचलल्यावर तो ज्या दांड्यांवर ठेवतात त्या दांड्या बोटानं पटापट दाबायच्या. चार पाहिजे असेल तर चारदा, मग श्वासभर थांबायचं, सात पाहिजे असेल तर सातदा. शून्याला दहादा. नीट ताल धरला की डायलला हातही न लावता फोन लागायचा. कारण डायल तरी दुसरं काय करतो? आकड्याच्या भोकात बोट घालून आपण तो पत्र्याच्या अडसरापर्यंत ओढतो तेव्हा काहीच घडत नसतं, ती नुसती चावी भरणं असतं. बोट सोडलं की डायल आपल्या गतीनं मागे फिरतो, आणि त्या परतीच्या वाटेवर तो लाइन तेवढ्या वेळा क्षणभर तोडतो. सेकंदाला साधारण दहा टिचक्या. नऊ फिरवला तर नऊ टिचक्या. एक्स्चेंजमध्ये बसलेलं यंत्र या टिचक्या मोजतं, बाकी त्याला काही कळत नाही. आपल्या मनात कोणता आकडा होता हे तर मुळीच नाही.

आषाढातली दुपार होती. घरात मी एकटी, पुढ्यात निबंधाची वही, पागोळ्यांचा आवाज. फोन वाजला.

"प्रुफं झाली का? पोराला पाठवू का?"

"कोण पाहिजे आपल्याला?"

"छापखानाच ना हा?"

"नाही, हे घर आहे. राँग नंबर."

"अरेरे," आवाज म्हणाला. म्हातारा, थोडा घोगरा, पण शब्द एकेक सुटा, जसा काही वेचून ठेवलेला. "एक रुपया गेला."

मला हसू आलं. त्यांनाही ते ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी लगेच खुलासा केला. फोन खाली घरमालकांकडे, शेजारी पत्र्याचा डबा, फोन लागला की डब्यात रुपया टाकायचा. लागला म्हणजे उचलला. बरोबर ठिकाणी उचलला की चुकीच्या, हे मीटर विचारत नाही आणि घरमालकही नाही. दोन दिवसांनी पुन्हा तोच आवाज, पुन्हा छापखाना, पुन्हा मी. तिसऱ्या वेळी मात्र ते म्हणाले, "बाळ, रुपया तर पडलाच आहे. तर दोन मिनिटं बोलून घेऊ या का? म्हणजे अगदीच फुकट जायला नको."

इतकं पुणेरी आमंत्रण मला त्यानंतर आयुष्यात मिळालेलं नाही.

आईची सक्त ताकीद होती की अनोळखी माणसाला नाव सांगायचं नाही, नंबर तर नाहीच नाही. कुणी "हा कुठला नंबर?" विचारलं तर "तुम्हाला कुठला हवाय?" असं उलट विचारायचं. मी ती ताकीद अक्षरशः पाळली. नाव सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ते मला बाळ म्हणायचे, मी त्यांना आजोबा. चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले, आता घरी बसून प्रुफं वाचतो, एवढी त्यांची ओळख. दिवाळी अंकांचे दिवस जवळ येत होते, गॅलीच्या ओल्या भेंडोळ्या रोज येत-जात होत्या, त्यामुळे छापखान्याला त्यांचे फोनही रोज. त्यातले निम्मे आमच्याकडे.

"तू आत्ता काय करत होतीस?" "निबंध लिहीत होते." "वाच." मी वाचायचे. ते मध्येच थांबवायचे. "‘आणि’ मधल्या णि ला कुठली वेलांटी दिलीस?" "दुसरी. शब्दाच्या शेवटी दुसरीच असते ना?" "असते. पण ‘आणि’ला पहिली. ‘नि’लाही पहिली. ती दोघं घरातली लाडकी, त्यांना नियम नाही." फोनवर वेलांटी दिसत नाही, तरी त्यांना माझ्या चुका ऐकू यायच्या. "फूल" मी बरोबर लिहिलं असणार आणि "फुलाला" मध्येही दीर्घच ठेवला असणार, हे त्यांनी न बघता सांगितलं आणि ते खरं निघालं. कुठल्या वळणावर माणूस घसरतो ते त्यांना माहीत होतं. चुका हाच त्यांचा धंदा होता.

कधी ते जुन्या गोष्टी काढायचे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तोवर "नांव", "पांच", "कांहीं" असं जुळवत आलेला हात. "बाळ, सहा महिने माझा हात आपोआप अनुस्वाराच्या खणाकडे जायचा नि रिकामा परत यायचा. मालक म्हणायचे, पगार वेगाचा देतो, तू टिंबांचा शोक काय करतोस?" हे सांगताना ते हसले, पण मला तो रिकामा परत येणारा हात दिसला. अजून दिसतो. दुसऱ्या एका दुपारी त्यांनी प्रुफाच्या खुणा शिकवल्या. खोडायचं कसं, सांधायचं कसं, मजकूर खाली-वर कसा करायचा. "आणि आपण खोडलं, मग लक्षात आलं की अरे, हे तर बरोबर होतं, तर?" "तर पुन्हा लिहायचं." "छे. खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची. म्हणजे, आहे तसं राहू द्या."

आई एकदा बाजारातून आली तेव्हा मी भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, रिसीव्हर मानेत.

"कोण गं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरशी अर्धा तास?"

तेव्हापासून घरात त्यांना नाव पडलं, "तुझे राँग नंबर". तुझ्या राँग नंबरांचा फोन येऊन गेला, असा निरोप बाबासुद्धा द्यायला लागले.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इतका वेळ टाळत होते.

जुलैच्या शेवटी कधीतरी आजोबा सहज बोलून गेले, "मी तर अगदी बघून बघून फिरवतो गं. पहिले पाच आकडे सुरळीत जातात. शेवटच्या नवाला बोट दुखतं." चाळीस वर्षं खिळे उचलून तर्जनी वाकली होती, पावसाळ्यात सांधा धरायचा. मी फोन ठेवला आणि कोनाड्यापाशी उभी राहिले. आमच्या नंबराचा शेवटचा आकडा आठ होता. मी डायलवर, कुलूप होतं तरी, हवेत बोट फिरवून पाहिलं. एक अडसराच्या अगदी जवळ, त्याला ओढायला अंतर कमी. नऊ खाली डावीकडे, त्याला जवळजवळ पूर्ण वेढा. दुखरं बोट अडसराला टेकायच्या आधीच, इंचभर अलीकडे, सुटत असणार. डायल तेवढा कमी फिरून परत येणार. नवाऐवजी आठ टिचक्या. यंत्र आठ मोजणार आणि छापखान्याऐवजी आमचा कोनाडा वाजणार. मधूनच कुणी तापट गृहस्थ लागतात आणि खेकसतात असं ते म्हणायचे, त्याचाही उलगडा झाला. त्या दिवशी बोट जास्त दुखत असणार. ते सातवाले.

उपाय सोपा होता. आजोबा, नवाला पेन्सिल घाला भोकात, किंवा मधलं बोट वापरा, आणि अडसराला टेकल्याचं कळेपर्यंत सोडू नका. एवढं एक वाक्य. दुसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं.

मी ते बोलले नाही.

"आज एक्स्चेंजमध्ये काय गोंधळ आहे कोण जाणे," ते म्हणाले, आणि मी म्हणाले, "हो ना, पावसाचं केबलमध्ये पाणी जातं म्हणतात." जात असे, ते खोटं नव्हतं. पावसाळ्यात अर्धी पेठ डेड व्हायची, एकाच्या फोनात दुसऱ्याची भांडणं ऐकू यायची. पण त्यांच्या रुपयाचं कारण ते नव्हतं. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिले, ऑगस्ट, सप्टेंबर, अर्धा ऑक्टोबर. प्रत्येक वेळी खाली कुठेतरी पत्र्याच्या डब्यात नाणं वाजत होतं. सतरा वर्षांच्या मुलीला त्याची टोचणी लागत नव्हती असं नाही. लागायची, आणि फोन वाजला की पळायची.

नवरात्रानंतर फोन थांबले. एक दिवस, चार दिवस, दोन आठवडे. दिवाळी अंक बाजारात आले, म्हणजे प्रुफांचं काम संपलं असेल, अशी मी समजूत घातली. पण छापखाने दिवाळीनंतर बंद पडत नाहीत, लग्नपत्रिका असतात. मग वाईट विचार यायला लागले. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, घर माहीत नव्हतं, नंबर माहीत नव्हता. आलेला फोन कुठून आला हे सांगणारी सोय तेव्हा नव्हती. वाजायचा थांबला की फोन म्हणजे क्रोशाखालचं काळं दगडाचं भांडं. आई एकदा म्हणाली, "तुझे राँग नंबर सुधारले वाटतं." मला रडू आलं, तेव्हा तीही गप्प झाली.

आणि एका संध्याकाळी, भांडी घासताना, लख्ख उजाडलं. माझ्याकडे त्यांचा नंबर नव्हता, पण ते जिथे फोन करायचे त्याचा होता. तो तर पहिल्यापासून होता. आमचाच नंबर, शेवटी आठाच्या जागी नऊ.

हात पुसले, रिसीव्हर उचलला, दांड्या दाबायला सुरुवात केली. शेवटच्या आकड्याला मोठ्यानं मोजत नऊ टिचक्या. पलीकडे यंत्राची खडखड आणि त्यावर ओरडणारा माणूस. "बोला!"

"तुमच्याकडे प्रुफं वाचणारे एक आजोबा आहेत ना, ज्यांचं बोट दुखतं..."

"आपण कोण?"

काय सांगणार? "मी... राँग नंबर."

खडखड चालूच होती. मग तो माणूस दुसऱ्या कुणाला म्हणाला, "ए, ती सापडली रे!" आणि मला म्हणाला, "अहो ताई, म्हाताऱ्यानं डोकं उठवलंय आमचं. घरमालकानं बटनांचा फोन आणलाय नवा. रोज लावतात नि विचारतात, ‘तिथे ती मुलगी नाही ना?’ नाही म्हटलं की हळहळतात. म्हणतात, हल्ली चुकतच नाही."

बटणांना वेढा नसतो. नऊ दाबला की नऊच जातो, बोट कितीही दुखो.

मी निरोप ठेवला की शेवटी नवाच्या जागी आठ दाबा. दहा मिनिटांत कोनाडा वाजला. "बाळ," ते म्हणाले, आणि पुढे बराच वेळ काही नाही. मग, "रुपया कारणी लागला."

पुढच्या रविवारी आईला घेऊन मी नारायण पेठेत त्यांच्याकडे गेले. दहा मिनिटांच्या चालीवर राहत होते. आवाजावरून मी उंच, गोरे, चष्म्याचे आजोबा कल्पिले होते. प्रत्यक्षात बुटके, सावळे, आणि चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनीही मला दोन वेण्यांची धरलं होतं, मी केस कापलेले. पहिली पाच मिनिटं आम्ही दोघंही अवघडून बसलो, फोनवर बरं होतं असं वाटावं इतकं. आईच बोलत होती. शेवटी मी मनात साठलेलं सांगून टाकलं, टिचक्या, आठ, नऊ, आणि मला जुलैपासून ठाऊक होतं हेही. ते ऐकत राहिले. मग वाकलेलं बोट दुसऱ्या हाताच्या बोटांवर टेकवत त्यांनी हिशेब केला. "म्हणजे तू माझे चाळीसएक रुपये लागतेस." आई ओशाळली. ते म्हणाले, "असू दे. निबंध तपासल्याचे वळते करून घे."

निघताना खाली घरमालकांच्या ओसरीवर नवा फोन पाहिला. वरती भिंतीवर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर छापल्यासारख्या अक्षरात छापखान्याचा सहा आकडी नंबर. शेवटचा नऊ एका तिरक्या रेघेनं खोडलेला, डोक्यावर आठ लिहिलेला. आणि खोडलेल्या नवाच्या खाली तीन टिंबं.

मैत्री पुढे बरीच वर्षं चालली. त्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही. ओळख झालेल्या माणसांसारखीच चालली, कधी महिनेच्या महिने आठवण नाही, कधी आठवड्यातून दोनदा. माझ्या लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांनी वाचलं आणि दोन चुका काढल्या, त्यातली एक सासऱ्यांच्या नावातली होती. छापून गेली असती तर काय झालं असतं, विचारू नका.

तर, मोटर. चौथ्या दिवशी सकाळी मी नंबर अनब्लॉक केला आणि स्वतःच लावला. "अण्णा! कुठं व्हता तुम्ही?" मी सांगितलं की मी अण्णा नाही, पण तुम्ही अण्णांचा नंबर वाचून दाखवता का, एकेक आकडा. त्यांनी वाचला. सगळा माझाच. शेवटी सात नऊ.

"अण्णांनी शेवटी काय सांगितलं होतं?"

"एकोणसत्तर. नवं कार्ड घेतलंय त्यांनी, फोनवरच सांगितलं. अन् तेच लिहिलंय की मी, सात नऊ."

"अहो, सात नऊ म्हणजे एकोणऐंशी. एकोणसत्तर म्हणजे सहा नऊ. सत्तर ऐकलं की हात सातावर जातो."

पलीकडे शांतता. कोंबडा आरवला, लांबून ट्रॅक्टर गेला. "आयला," आवाज हळूच म्हणाला. "तरीच. तीन रात्री मीच गेलो वर, अंधारात." मग बटणं दाबल्याचा टकटक आवाज, "सहा... नऊ... हां." मला वाटलं आता ठेवतील. मीही ठेवणारच होते.

"कांदा आहे का?" मी विचारलं.

"नाही, गहू. तुम्ही कुठल्या म्हणायच्या?"

"पुण्याची."

"मग तिकडं पडलाय का काही?" ते म्हणाले. "इकडं नुसतंच आभाळ येतंय."